फोडणीसाठी तूप, लोणी की तेल?

रोजच्या फोडणीला तूप, लोणी की तेल वापरावे, आणि दिवसाला किती?

फोडणीसाठी तेल घ्यावे. लोण्यात पाणी आणि दुधातील घन अंश असतात व ते साधारण १५० अंश सेल्सिअसलाच करपू लागतात, त्यामुळे मोहरी नीट तडतडेपर्यंत लोणी तपकिरी होते; तेच लोणी कढवून, बेरी गाळून केलेले तूप सुमारे २५० अंशांपर्यंत धुरावत नाही, आणि रिफाइंड शेंगदाणा तेलही सुमारे २३० अंशांपर्यंत टिकते. मात्र चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम तुपात जवळजवळ ३ ग्रॅम संपृक्त मेद असतो, तर तितक्याच शेंगदाणा तेलात साधारण १ ग्रॅम. २,००० कॅलरींच्या आहारात संपृक्त मेद २२ ग्रॅमच्या आत असावा, आणि त्यातला बराचसा दूध-दह्यातून येतोच. म्हणून माणशी दिवसाला तीन-चार चमचे तेल आणि गरम वरणभातावर एक चमचा तूप, हे प्रमाण मला योग्य वाटते.