आम्ल सांडल्यावर पहिलं काम कोणाचं?
प्रश्न: जळगावजवळ आमचं कॉलेज आहे. लॅबमध्ये तीव्र सल्फ्युरिक आम्लाची बाटली फुटली तर आधी कोणी काय करायचं?

शिक्षकांनी आधी मुलांना बाहेर काढायचं. सांडलेल्या आम्लाजवळ फक्त लॅब असिस्टंटने जायचं, तेही गॉगल, ॲप्रन आणि जाड रबरी हातमोजे घालून. धुळ्यात बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून सांगतो: घाईत पाणी ओतू नका, आम्ल तापून अंगावर उडतं. आधी कोरड्या वाळूचा बांध घाला, मग कडेकडून आत खाण्याचा सोडा थोडा थोडा टाका. फसफस थांबली की पीएच पेपरने तपासून प्लास्टिकच्या बादलीत भरा. भुसा नको, तो करपतो. अंगावर उडालं तर मात्र कपडे काढून लगेच वाहत्या नळाखाली, निदान १५ मिनिटं. हे सगळं अर्ध्या लिटरच्या बाटलीपुरतं. अडीच लिटरची फुटली तर दार लावून अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. म्हणूनच ती बाटली सगळ्यात खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवायची.