सर्ज वरच्या फ्लँजवरच टाक

रबाळे एमआयडीसीतल्या शेडच्या क्रेन गर्डरचं, म्हणजे क्रेनचा रूळ पेलणाऱ्या तुळईचं, तुझं गणित पाहिलं. १० टनांची विजेवर चालणारी क्रेन, वर सरकणारी उचल-गाडी म्हणजे क्रॅब २ टन. चाकाचा ८० kN भार २५ टक्के इम्पॅक्ट धरून १०० केलास, ते बरोबर. सर्ज, म्हणजे क्रॅब सुटता-थांबताना बसणारा आडवा धक्का, तोही बरोबर: भार आणि क्रॅब मिळून १२० kN, त्याच्या १० टक्के १२, चार चाकांत प्रत्येकी ३.

चूक पुढे आहे. सर्ज रुळाच्या माथ्यावर लागतो, खालचा फ्लँज त्यात जवळपास येतच नाही. तू ५.०६ kNm चा आडवा मोमेंट ISMB 450 तुळईच्या अख्ख्या Zy ने, म्हणजे आडव्या वाकण्याच्या सेक्शन मॉड्युलसने, १११ घन सेंमीने, भागलास. ताण ४६ MPa आला. एकट्या वरच्या फ्लँजचा Zy अर्धाच, म्हणून तिथे तो ९१ होतो. उभ्या वाकण्याचा ताण त्यात मिळव. सेक्शन पुरला नाही, तर वर चॅनेल जोड.