भांडणारे बहीण-भाऊ आणि कूलरचा वारा: अ‍ॅनिमेशनसाठी एक प्रसंग

प्रश्न: मला अ‍ॅनिमेशनसाठी भांडणाऱ्या बहीण-भावाचा मिनिटभराचा प्रसंग लिहायचा आहे. संवाद सुचतात, पण मधल्या कृतीच्या ओळी आणि दृश्यातले टप्पे कसे लिहावेत?

उत्तर:

संवाद लिहायला घेण्यापूर्वी भांडण एखाद्या अशा वस्तूत आणून ठेवा, जी पडद्यावर हलताना दिसते आणि जिच्याकडे पाहून या क्षणी कोणाची सरशी आहे ते कळते. ‘तू नेहमी असंच करतेस’ या वाक्यातून चित्रकाराला काढण्यासारखे काहीच मिळत नाही. मी इंदूरचा. आमच्या घरी मे महिन्यात भावंडांचे सगळ्यात मोठे भांडण कूलरच्या वाऱ्यावरून होत असे, म्हणून उदाहरणाला तेच घेतो. मुक्ता चौदा वर्षांची आणि ओम नऊ वर्षांचा आहे. वारा ज्याच्याकडे, त्याचे केस उडतात. दुसऱ्याचे कपाळाला चिकटलेले असतात. एवढ्याने पाहणाऱ्याला प्रत्येक क्षणी भांडणाची स्थिती कळते आणि त्यासाठी एक शब्दही खर्च करावा लागत नाही.

> आतली खोली. दुपार.
>
> दारात जमिनीवर ठेवलेला कूलर घरघरतो आहे. वारा मुक्ताकडे, तिच्या बटा उडताहेत. ती चटईवर पालथी पडून रंगवते आहे. पलीकडच्या चटईवर ओम, केस घामाने चिकटलेले. दोघांच्या मध्ये एक ओले चित्र वाळत पडले आहे.
>
> ओम छताकडे पाहत पायाचा अंगठा लांबवतो आणि कूलरची दांडी सरकवतो. टक. पट्ट्या त्याच्याकडे वळतात. मुक्ताच्या बटा खाली बसतात.
>
> वाऱ्याबरोबर ओले चित्र उडते आणि ओमच्या तोंडावर चिकटते.
>
> मुक्ता: माझं चित्र!
>
> ओम कागद सोलून काढतो. त्याच्या नाकावर निळा रंग.
>
> ओम: मी हातसुद्धा लावला नाही.
>
> मुक्ता दांडी आपल्याकडे ओढते. टक. ओम परत ओढतो. टक. आता दोघांचेही हात दांडीवर.
>
> ओम: तुला सकाळपासून वारा मिळतोय, ताई!
>
> मुक्ता: मग तू अंघोळ कर!
>
> कट्ट. दांडी तुटून दोघांच्या हातात येते. पट्ट्या सैल होऊन लोंबतात. दोघे दांडीकडे पाहतात. स्वयंपाकघरातून बांगड्यांचा आवाज.
>
> आई (पडद्याबाहेरून): काय तुटलं रे?
>
> दोघे: काही नाही!
>
> मुक्ता वेणीचे रबर काढते आणि ओमकडे न बघता हात पुढे करते. ओम पट्ट्या सरळ धरतो. ती रबर गुंडाळते. वारा आता दोघांच्या मधून जातो. समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर फडफडते.
>
> दोघे कॅलेंडरकडे पाहतात. ओम चटई मध्ये सरकवतो. मुक्ताही सरकवते. खांद्याला खांदा. दोघांचे केस उडू लागतात.
>
> मुक्ता: नाक पूस.
>
> ओम पुसतो. निळा रंग गालभर पसरतो.

यात ‘ओम चिडतो’ किंवा ‘मुक्ताला वाईट वाटते’ अशी एकही ओळ नाही. मी सुरुवातीला लिहिलेल्या एका प्रसंगात ‘भाऊ चिडतो’ असे चार ठिकाणी होते. स्टोरीबोर्ड करणाऱ्या चित्रकाराने कागद परत पाठवला आणि चारही ठिकाणी समासात एकच प्रश्न लिहिला होता: ‘म्हणजे काय करतो?’ कृतीची ओळ वर्तमानकाळात असावी आणि तिच्यात डोळ्यांना दिसणारे किंवा कानांना ऐकू येणारे तेवढेच असावे, हा नियम मला त्या दिवशी पटला. संवादांच्या मध्ये ‘थोडी शांतता’ असे लिहिले, तरी तोच प्रश्न येतो. शांततेत पात्रे काय करतात ते लिहावे लागते. वरच्या प्रसंगात ती दोघे तुटलेल्या दांडीकडे पाहतात.

प्रत्येक टप्प्यावर काहीतरी बदलायला हवे. दांडी तीनदा वळली, की चौथ्यांदा नुसती वळून चालत नाही, कारण पाहणाऱ्याला तोवर क्रम कळलेला असतो. म्हणून चौथ्या वेळी ती तुटते. इथेच प्रसंग वळतो. आतापर्यंत एकमेकांविरुद्ध असलेली भावंडे आईच्या एका हाकेसरशी एका बाजूला येतात. ‘काही नाही!’ हे त्यांचे पहिले एकत्र वाक्य आहे आणि माफीची जागा रबर घेते. कोणीही ‘सॉरी’ म्हटले असते, तर कॅलेंडरचा टप्पा वाया गेला असता.

संवादांनी चित्रात दिसणारी गोष्ट पुन्हा सांगू नये. मला सगळ्यात आवडते ते, संवाद खोटे बोलतो आणि चित्र खरे सांगते तेव्हा. नाकावर निळा रंग घेऊन ओम ‘हातसुद्धा लावला नाही’ म्हणतो. शब्दशः ते खरेही आहे, कारण त्याने पाय लावला होता. लिहून झाल्यावर संवाद हाताने झाकून फक्त कृती वाचा: भांडण, तुटणे आणि मिटणे कळले पाहिजे. मग कृती झाकून फक्त संवाद वाचा. नुसत्या संवादांवरून सगळी गोष्ट कळत असेल, तर चित्राचे काम संवादांनी बळकावले आहे असे समजून काटछाट करा.

आता खर्चाकडे वळतो, कारण हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये लेखकाचा एक शब्द म्हणजे कोणाचे तरी कित्येक तास असतात. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या आणि एक चित्र दोन फ्रेम टिकवले, तरी सेकंदाला 12 चित्रे लागतात; 45 सेकंदांच्या प्रसंगात सतत हलणाऱ्या एका पात्राची 540. माझ्या पहिल्या खर्ड्यात मुक्ताचे सगळे कागद खोलीभर उडत होते. एकच कागद ठेवला आणि तो ओमच्या तोंडावर बसवला, तेव्हा काम कमी झाले आणि विनोदही नेमका झाला. उडणाऱ्या केसांची थोडी चित्रे काढून तीच फिरवून वापरता येतात, म्हणून ते परवडतात. दोन पात्रांनी एकच वस्तू धरून ओढणे मात्र अवघड असते, कारण बोटे वस्तूवरून जराशी सरकली तरी डोळ्याला खटकते. म्हणून ती झटापट मी एकदाच आणि क्षणभरच ठेवली. आई पडद्याबाहेर आहे, म्हणजे तिचे चित्र नको आणि ओठांची हालचालही नको.

एक चूक भांडणाच्या प्रसंगात फार वेळा होते: दोघे एकाच वेळी बोलतात असे सगळीकडे लिहिले जाते. आवाज बहुतेक वेळा चित्रांच्या आधी रेकॉर्ड होतात आणि ओठ त्या आवाजावर बसवले जातात. त्यामुळे शब्द एकमेकांवर चढायचे असतील, तर ते कोणत्या शब्दावर चढतात हे लिहून द्या आणि दोन्ही आवाज वेगवेगळे रेकॉर्ड करायला सांगा. बाकी ठिकाणी वाक्ये लहान ठेवा आणि एकाचे संपल्यावरच दुसऱ्याचे सुरू करा.

शेवटी घड्याळ लावून प्रसंग मोठ्याने वाचा. संवाद म्हणा आणि कृती प्रत्यक्ष करून पाहा: चटई सरकवा, रबर गुंडाळा. नुसते वाचले, तर वरचा प्रसंग 25 सेकंदांत संपल्यासारखा वाटतो. करून पाहिला, तर तो 45 सेकंदांच्या आसपास जातो, आणि त्यातला मोठा वाटा रबर गुंडाळण्याचा असतो. तेवढा वेळ नसेल, तर गुंडाळणे दाखवू नका. मुक्ताचा पुढे आलेला हात दाखवा आणि थेट फडफडणाऱ्या कॅलेंडरवर या.