घोडं, शिंगरू आणि हेलपाटे: म्हण हिंदीत नेताना

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर निम्मे लोक हिंदी बोलणारे आहेत. उत्तर देताना एखादी मराठी म्हण अगदी चपखल सुचते, पण तिचं भाषांतर केलं की मजाच जाते. अर्थ आणि चव दोन्ही पोचतील असं कसं करायचं?

मी बाणेरला राहतो आणि आमच्या ग्रुपवरही हेच चित्र आहे. लखनौ, जबलपूर, पाटणा अशा सगळीकडचे शेजारी आहेत. एका म्हणीवर माझी जी खटपट झाली तीच सांगतो, कारण त्यातच मला बहुतेक गोष्टी कळल्या.

सोसायटीच्या एका कागदासाठी सेक्रेटरी काका तीन महिने रात्री बसून फायली तयार करत होते. त्या फायली घेऊन आमचा मॅनेजर एका कार्यालयात सहा वेळा गेला. एकदा साहेब रजेवर, एकदा झेरॉक्सवर सही नाही, एकदा शिक्काच चुकीचा. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, ‘इतने दिन से हो क्या रहा है?’ दोघांचाही जीव मेटाकुटीला आला होता, आणि मला लगेच आठवलं: घोडं मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं हेलपाट्यानं. आई पाठीवर ओझं वाहते, शिंगराच्या पाठीवर काहीच नसतं, पण आईमागे ये-जा करूनच ते थकून जातं. काका आणि मॅनेजर, दोघांचंही दुखणं एका ओळीत आलं.

मी घाईत लिहिलं: ‘घोड़ा मरा बोझ से और बछड़ा मरा चक्कर से।’

लखनौच्या ताईंनी विचारलं, ‘घोड़े का बछड़ा?’ जबलपूरच्या दादांना वाटलं की मॅनेजरला चक्कर आली, तब्येत कशी आहे त्याची! दोघांचंही बरोबर होतं. हिंदीत बछड़ा म्हणजे गाईचं वासरू. शिंगराला बछेड़ा म्हणतात. एका मात्रेनं जनावर बदललं. आणि ‘चक्कर से’ म्हटलं की आधी घेरीच आठवते.

खरी अडचण ‘हेलपाटा’ या शब्दाची आहे. हेलपाटा म्हणजे नुसती फेरी नव्हे. गेलो, काम झालं नाही, तसाच परत आलो, हे सगळं त्यात आहे. ‘उगाच हेलपाटा पडला’ म्हणताना आपण नुसती पायपीट सांगत नाही, त्यातली चरफडही सांगतो. हिंदीत ‘फेरे’ लिहावं तर लग्नातले सात फेरे डोळ्यांपुढे येतात. ‘आना-जाना’ अगदीच बेचव. शब्दाला शब्द शोधत बसलो होतो तोवर जमेना. मग वेगळा विचार केला: असं सहा वेळा हात हलवत परत आल्यावर लखनौचा माणूस काय म्हणेल? तो म्हणेल, ‘दफ़्तर के चक्कर काट-काटकर थक गया।’ तीच चरफड, त्यांच्याच तोंडची. तो वाक्प्रचार आयताच हाताशी होता.

तो मिळाल्यावर बाकीची ओळ आपोआप बसत गेली. ‘काट-काटकर’ला जोड म्हणून पहिल्या अर्ध्या भागात ‘ढो-ढोकर’ आलं. मराठीत ‘ओझ्यानं’ आणि ‘हेलपाट्यानं’ हे जे दोन ठोके आहेत, ते इथे वेगळ्या आवाजात पण त्याच जागी पडले. क्रमही राखला. आपण ‘घोडं ओझ्यानं मेलं’ म्हणत नाही, ‘मेलं ओझ्यानं’ म्हणतो. कशानं मेलं हे शेवटी कळतं, आणि सगळा दणका त्या शेवटच्या शब्दात आहे. हिंदीतही ‘मरी’ आधी आणि कारण शेवटी ठेवलं. घोड्याची घोडी केली, कारण मराठीत ‘घोडं’ नपुंसकलिंगी असल्यानं आई सहज समजून जाते, हिंदीत ‘घोड़ा’ म्हटलं की बाप होतो, आणि शिंगरू तर आईमागे चालतं. ‘बछेड़ा’ शब्द शहरातल्या सगळ्यांना ओळखीचा नसतो म्हणून साधं ‘बच्चा’ ठेवलं.

दुसऱ्या दिवशी हे टाकलं:

‘काग़ज़ अंकल ने तीन महीने में बनाए, और मैनेजर साहब छह बार जाकर लौट आए। मराठी में कहते हैं: घोडं मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं हेलपाट्यानं। घोड़ी मरी बोझ ढो-ढोकर, बच्चा मरा चक्कर काट-काटकर।’

याच्या पुढे अर्थ सांगितला नाही, आणि ते मुद्दाम. घडलेली गोष्ट आधीच्या वाक्यात आली की घोडी कोण आणि शिंगरू कोण हे वाचणारा स्वतः लावतो, आणि म्हणीची गोडी त्या लावण्यातच आहे. ‘इसका मतलब यह है कि...’ लिहिलं की ती गेलीच. मूळ मराठी ओळ मात्र नक्की ठेवा. लिपी देवनागरीच असल्यानं हिंदीवाले ती मोठ्यानं वाचू शकतात. पाटण्याच्या एका मित्राला ‘हेलपाटा’ इतका आवडला की आता बँकेतून रिकाम्या हातानं आला की तो ‘आज फिर हेलपाटा’ असं लिहितो.

हिंदीत जवळची म्हण असली तरी ती उचलण्याआधी पारखून बघा. मला एकानं सुचवलं होतं, ‘गेहूँ के साथ घुन भी पिसता है’. पण तिथे भर आहे तो दुसऱ्याबरोबर विनाकारण भरडलं जाण्यावर. आपल्या म्हणीत भरडणारं कुणी नाही, दमणूक आहे, आणि दोघांच्या दमणुकीची जात वेगळी आहे. ती टाकली असती तर मॅनेजर किडा झाला असता. माणसाला जनावर लावताना हे फार सांभाळावं लागतं. शिंगरू म्हटल्यावर माया वाटते. गाढवाच्या म्हणी मात्र मी ग्रुपवर भाषांतर करून टाकत नाही, कारण मराठीत सवयीनं बोथट झालेली धार दुसऱ्या भाषेत पुन्हा लागते.

एक म्हण मात्र मला शब्दांनी नेताच आली नाही: आवळा देऊन कोहळा काढणे. कोहळ्याला हिंदीत पेठा म्हणतात, म्हणून ‘आँवला देकर पेठा ले लिया’ असं लिहिलं. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आग्र्याच्या मिठाईचा तुकडा आला. ती मिठाई कोहळ्याचीच असते, पण तो तुकडा जेमतेम आवळ्याएवढा! लहान देऊन केवढं मोठं काढलं, यावरच तर सगळी म्हण उभी आहे. ‘सफ़ेद कद्दू’ लिहून आकार आला, पण आवळा-कोहळा हे यमक गेलं. शेवटी दुकानाच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून टांगलेल्या कोहळ्याचा फोटो काढला, खाली मराठी ओळ लिहिली आणि एवढंच जोडलं: ‘हथेली में आँवला दिया, बदले में यह ले गया।’ पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकानं ते टांगलेलं फळ कधी ना कधी पाहिलेलं होतं, फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं.