दीडशे फोटो, वहीभर नोंदी, आणि रिपोर्ट मात्र सहलीचा

"मॅडम, हिवरे बाजारची फील्ड व्हिजिट झाली, फोटो दीडशेच्या आसपास आहेत, वहीत काय काय खरडलंय, थोडं व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलंय. उद्दिष्टे, निरीक्षणे, विश्लेषण, शिफारशी असे चार भाग मागितलेत. लिहायला बसले की 'सकाळी सहा वाजता बस निघाली' इथूनच सुरुवात होते आणि पुढे काय कुठे टाकायचं तेच कळत नाही."

अभ्यासकेंद्रावर समुपदेशन करताना दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत हा प्रश्न येतोच. ही मुलगी नोकरी करून ग्रामीण विकासात एमए करतेय, शिरूरकडची. तिनं आणलेला कच्चा मसुदा वाचला, सहा पानं होती आणि त्यातली पहिली दोन बस, नाश्ता आणि स्वागत यातच गेली होती. मी म्हटलं, लिहिणं आत्ता बंद कर, आधी सामान वेगळं करू.

पहिलं काम फोटोंचं. तिनं ग्रुपवरचे फोटो गोळा केले होते, आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत काढल्याची वेळ राहत नाही, नावात दिसते ती पाठवल्याची तारीख. म्हणून ज्यानं काढले त्याच्याकडून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवायला लावले, मग डिटेल्समध्ये वेळ दिसते. वेळेनुसार लावल्यावर गंमत झाली. 'पीकपद्धती' या मथळ्याखाली तिनं उसाच्या फडाचा छान फोटो लावला होता, त्याची वेळ आठ दहा. गावात पोचल्याचा पहिला फोटो साडेनऊनंतरचा. म्हणजे ऊस शिरूरच्या आसपास बसच्या खिडकीतून टिपलेला! आता हिवरे बाजारनं जास्त पाणी पिणाऱ्या उसा-केळीसारख्या पिकांना नाही म्हटलंय, शेतीसाठी बोअर घ्यायलाही बंदी आहे, हीच तर त्या गावाची ओळख, आणि रिपोर्टात ऊस. परीक्षक तिथंच थांबला असता.

मग एक वही आडवी धरली आणि तीन रकाने पाडले, पाहिलं, ऐकलं, वाचलं. प्रत्येक नोंद एकाच रकान्यात जाणार, शेजारी फोटो नंबर नाहीतर सांगणाऱ्याची ओळख (नाव नको, 'महिला शेतकरी, वय साधारण पन्नास' एवढं पुरे). डोंगरउतारावर सलग समतल चर आहेत, त्यात गवत वाढलंय, हे पाहिलं. गवत कापून न्यायला चालतं पण गुरं मोकळी सोडायची नाहीत, हे ऐकलं. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले, 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हे वाचलं. तिच्या मसुद्यात हे तिन्ही एकाच परिच्छेदात, एकाच सुरात होतं, त्यामुळे गाईडनं सांगितलेलंही तिनं स्वतः पाहिल्यासारखं वाटत होतं. निरीक्षणे या भागात फक्त पहिले दोन रकाने येतात, तेही वेगवेगळे ओळखू येतील असे. तिसरा रकाना गावाच्या ओळखीत जातो, किंवा विश्लेषणात तुलनेला लागतो.

हे झाल्यावर बरंच काही गळतं आणि ते गळू द्यायचं. शाळेसमोरचे ग्रुप फोटो, सत्कार, जेवण, सगळं बाहेर. दीडशेतले अकरा उरले.

उद्दिष्टे मी मुद्दाम इथं घेते, आधी नाही. विषय असाइनमेंटनं दिलेलाच असतो, तो बदलायचा नाही, पण त्यातला कुठला प्रश्न आपल्या नोंदी पेलतात ते आत्ता कळतं. तिचं पहिलं उद्दिष्ट होतं 'गावाच्या सर्वांगीण विकासाचा अभ्यास करणे'. अगं, एका दिवसात सर्वांगीण काय बघणार तू? नोंदी बघितल्या तर पाण्याबद्दल भरपूर, शिक्षण-आरोग्याबद्दल जेमतेम दोन ओळी. म्हणून उद्दिष्टे तीनच ठेवली: पाणी अडवायची कामं प्रत्यक्ष कशी आहेत ते पाहणे, पाण्याचा ताळेबंद कसा मांडतात ते समजून घेणे, आणि त्याचा पीकनिवडीशी संबंध तपासणे. ठरलेलं उद्दिष्ट एक होतं आणि नोंदी भलतीकडेच गेल्या, असं झालं असेल तर ते मर्यादांमध्ये सरळ लिहावं.

खरी अडचण विश्लेषणाची. बहुतेक जण तिथं निरीक्षणंच जड शब्दांत पुन्हा लिहितात. मी तिला म्हटलं, दोन वेगवेगळ्या नोंदी शेजारी ठेव आणि 'म्हणून' किंवा 'पण' लिहून बघ काय होतं. तिच्याकडे पाण्याच्या ताळेबंदाच्या फलकाचा फोटो होता आणि ठिबकवरच्या कांद्याचा होता. फलकावरचं गणित तिला कळलं नव्हतं ते आधी करून घेतलं: 1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 घनमीटर, म्हणजे 10,000 लिटर. गावाचं क्षेत्र ढोबळ 975 हेक्टर धरलं तर 100 मिमी पावसाला 97.5 कोटी लिटर पाणी पडतं. त्यातलं वाहून जातं, वाफ होते, थोडंच मुरतं. माणसं आणि गुरं यांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरेल त्यावर रब्बीला काय आणि किती पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. आता कांद्याचा फोटो नुसता कांद्याचा राहिला नाही. तिनं लिहिलं, 'चरांमुळे पाणी मुरतं, पण उपसा आणि पीक यांवर गावाचा नियम नसता तर मुरलेलं पाणी टिकलं असतं असं म्हणता येत नाही.' हे विश्लेषण झालं, कारण यातला अर्धा भाग कुठल्याच एका फोटोत नाही.

याच भागात एक वाक्य मात्र खोडायला लावलं. 'भूजल पातळी वाढली आहे', आधार काय तर भरलेल्या विहिरीचा एक फोटो. पावसाळा संपून फार दिवस झालेले नाहीत, अशा वेळी विहिरीत पाणी दिसणारच, आणि खोली तर मोजलीच नव्हती. वाढली म्हणायला त्याच महिन्याचे आधीच्या वर्षांचे आकडे लागतात, ते भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींचे मिळतात का ते बघ, नाहीतर 'भेटीच्या दिवशी विहिरीत पाणी दिसले, पातळी मोजली नाही' एवढंच लिही. चिडली जरा, पण खोडलं.

शिफारशींमध्ये 'सर्व गावांनी हिवरे बाजारचा आदर्श घ्यावा' आणि 'शासनाने लक्ष द्यावे' होतं. या दोन ओळी मी इतक्या रिपोर्टांत वाचल्यात की डोळे आपोआप पुढे जातात. शिफारस कुणाला, त्याच्या हातात ते आहे का, आणि ती कुठल्या विश्लेषणातून निघाली, एवढं विचारायचं. आणि हिवरे बाजारला आपण पाणी वाचवा म्हणून सांगणं जरा विनोदीच नाही का? तेव्हा तिनं रोख स्वतःच्या गावाकडे वळवला: ग्रामपंचायतीनं एक पर्जन्यमापक बसवावा, चार-पाच विहिरींची पातळी ऑक्टोबरअखेर आणि मे महिन्यात दोरीनं मोजून फलकावर लिहावी, आणि रब्बीच्या आधीच्या ग्रामसभेत तो फलक वाचावा. पीकबंदीची शिफारस तिनं टाळली, कारण तिकडं ऊस कारखान्याला जातो आणि तो प्रश्न एका दिवसाच्या भेटीतून सुटणारा नाही, हेही तिनं एका ओळीत लिहिलं.

शेवटी प्रत्येक निरीक्षणाला नंबर दिला आणि शिफारशीपुढे कंसात तो नंबर टाकला. एका शिफारशीपुढे टाकायला नंबरच सापडेना, कचरा व्यवस्थापनाची होती, कुणाच्या तरी जुन्या रिपोर्टातून आलेली. ती काढली. फोटोंच्या ओळीही बदलल्या, 'सुंदर निसर्ग' च्या जागी 'उतारावरील सलग समतल चर, आत गवत, पूर्वेकडून घेतलेला फोटो, वेळ 10.40'. आणि घरातल्या बाईंचा एक फोटो होता, तो छापायला त्यांना विचारलं होतंस का म्हटल्यावर ती गप्प झाली, तोही वगळला. सहाच्या जागी नऊ पानं झाली आणि बस कुठंच नव्हती.