हसलं की गुडघे ढिले पडतात, दिवसा झोप आवरत नाही: ही फिटच का?

प्रश्न: वय २३, उद्यमनगरात लेथवर काम करतो. रात्री झोपूनसुद्धा दिवसा बसल्या जागी एकदम डोळे मिटतात. पोरांनी जोक मारला, जोरात हसलो की गुडघे वळतात आणि खाली बसतो. शुद्ध असते. घरचे म्हणतात फिट आहे. काय असेल?

उत्तर:

फिट वाटत नाही, आणि त्याचं कारण तुम्हीच लिहिलंय: शुद्ध असते. मी कोल्हापुरातच एका स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे निदान न्यूरोलॉजिस्टकडूनच घ्या. पण दिवसाची अनावर झोप आणि हसल्यावर अंग ढिलं पडणं ही जोडी कानावर आली की आमच्याकडे पहिलं नाव निघतं ते नार्कोलेप्सी या झोपेच्या आजाराचं. त्या ढिलं पडण्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात.

गडहिंग्लजकडची कॉलेजातली एक मुलगी आमच्याकडे आली होती. फिटच्या गोळ्या चालू होत्या, ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद मात्र नॉर्मल. मी तिच्या डोक्याला वायरी चिकटवायची तयारी करत होतो आणि तिचा भाऊ तिच्या सरांची नक्कल करून दाखवत होता. ती उभी होती. हसायला लागली आणि आधी जबडा सुटला, शब्द जड झाले, मान दोनतीनदा डुलली, मग गुडघे वळले आणि भिंतीला टेकून ती सावकाश खाली बसली. अर्ध्या मिनिटाच्या आत पुन्हा उभी. त्या वेळात भाऊ काय म्हणाला, मी काय म्हणालो, सगळं तिनं जसंच्या तसं सांगितलं. मोठ्या फिटमध्ये असं होत नाही. तिथं शुद्ध जाते, अंग ताठरतं, झटके येतात, कधी जीभ चावली जाते आणि नंतर बराच वेळ माणूस भांबावलेला असतो. फिटचे काही प्रकार मात्र फसवे असतात, म्हणून ईईजी काढतातच आणि काढावाच.

आता हे होतं कसं. आपण झोपलो की आधी साधी झोप लागते, आणि साधारण दीड तासानं आरईएम नावाची झोप येते. डोळे पापण्यांआड भिरभिरतात, ठसठशीत स्वप्नं पडतात, आणि स्वप्नातली धावपळ खरोखर करू नये म्हणून मेंदू हातापायांचे स्नायू जवळपास बंद करून टाकतो. श्वासाचा पडदा आणि डोळे तेवढे चालू राहतात. जागेपणी ही यंत्रणा बंद राहावी याची काळजी ओरेक्सिन नावाचं रसायन घेतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये साधारण सत्तर हजार पेशी ते तयार करतात. कॅटाप्लेक्सीसोबतच्या नार्कोलेप्सीत याच पेशी बहुतेक नष्ट झालेल्या असतात. त्या आपल्याच प्रतिकारशक्तीनं मारल्या असाव्यात असं मानलं जातं. ओरेक्सिनचा शोध १९९८ चा, म्हणजे ही माहिती तशी नवीच.

ओरेक्सिन नसलं की जागेपण आणि झोप यांच्यामधलं दार कडी न लागणारं होतं. माणूस जागा होतो, पण जागा राहू शकत नाही. आरईएमचे तुकडे मधेच आत शिरतात. खळखळून हसताना धडधाकट माणसाच्याही स्नायूंचा जोर थोडा उतरतो. तुमच्यात तो उतार थांबवणारं कोणी नसतं, म्हणून मेंदू जागा आणि पाय झोपेत अशी गत होते. राग किंवा दचकण्यानंही होऊ शकतं, पण हसणं सगळ्यात पुढे. विशेष करून आपण स्वतःच जोक सांगत असताना.

हाच प्रकार झोपेच्या काठावर झाला की जाग आलेली असते पण हात हलत नाही, आणि छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. त्या मुलीला याच्यासाठी आधी देवऋषाकडे नेऊन आणलं होतं. तुम्हाला असं होतं का, ते डॉक्टरांना जरूर सांगा. लाजेनं लोक हे लपवतात. आणि रात्रीबद्दलही सांगा. नार्कोलेप्सीत रात्रीची झोपसुद्धा तुटक असते. चोवीस तासांची बेरीज केली तर झोप इतरांएवढीच भरते, फक्त ती दिवसभर विखुरलेली असते. घरच्यांना हा आळस वाटतो तो त्यामुळे.

तपासणी दोन भागांत होते. रात्री पूर्ण झोपेची नोंद, आणि दुसऱ्या दिवशी एमएसएलटी. म्हणजे दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत पडायचं, झोप लागायला वीस मिनिटांची संधी, असं पाच वेळा. मधल्या वेळेत झोपू द्यायचं नाही. हे पाहणं आमचं काम, आणि खरं सांगतो, पेशंटला जागं ठेवणं हेच त्यातलं अवघड. त्या मुलीला पाच वेळी ३, २, ४, २ आणि ५ मिनिटांत झोप लागली. सरासरी ३.२ मिनिटं. आठ किंवा त्याहून कमी सरासरी आली की नार्कोलेप्सीच्या बाजूनं धरतात. पण जास्त बोलकं पुढचंच होतं. पाचपैकी चार वेळा ती झोप लागल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत थेट आरईएममध्ये गेली. निदानाला असं दोनदा पुरतं, आणि आदल्या रात्रीही तसंच झालं असेल तर तेही एक धरतात.

इथं तुमच्यासाठी एक अडचण आहे. रात्रपाळी किंवा सलग अपुरी झोप असेल तर धडधाकट माणसाचाही रिपोर्ट असाच येऊ शकतो. म्हणून आधी किमान आठवडाभर, जमलं तर दोन, कधी झोपलो आणि कधी उठलो ते लिहून ठेवा. पाळी बदलत असेल तर तेही. घोरणं असेल तर सांगा, कारण झोपेत श्वास अडकल्यानंही दिवसा झोप येते; फक्त त्यात हसून गुडघे वळत नाहीत. डिप्रेशनच्या गोळ्या आरईएम दाबतात, म्हणून चाचणीआधी डॉक्टर त्या साधारण दोन आठवडे थांबवतात. स्वतःच्या मनानं थांबवू नका. यातलंच व्हेनलाफॅक्सिन कॅटाप्लेक्सीवरही देतात; ते चालू असताना एकदम बंद केलं तर अंग ढिलं पडण्याचे प्रसंग एकामागून एक येऊ शकतात.

गेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण औषधांनी बराच फरक पडतो. दिवसाची झोप आवरण्यासाठी बहुतेकदा सकाळी मोडाफिनिल देतात. सोबत ठरलेल्या वेळी पंधरावीस मिनिटांची डुलकी. ती घेऊन उठल्यावर तास-दोन तास डोकं चांगलं ताजं राहतं, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीतली डुलकी मालकांशी बोलून पक्की करून घ्या.

निदान होईपर्यंत मात्र लेथवर उभं राहू नका. फिरत्या चकवर डोळा लागला किंवा हशा पिकला तर काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पॅकिंग, तपासणी, काहीतरी बसून करायचं काम मागून घ्या. मोटरसायकल आणि विहिरीतलं पोहणंही तूर्त बंद.

डॉक्टरांकडे जाताना मित्राला मोबाईलवर असा एक प्रसंग टिपायला सांगा. गादीवर बसून हसवून घ्या, चेहरा आणि गुडघे दोन्ही दिसू देत. आणि लॅबला फोन करताना 'एमएसएलटी करता का?' असं नाव घेऊनच विचारा. घरी लावून दिलं जाणारं छोटं यंत्र घोरण्यासाठी चालतं, या कामाला उपयोगी नाही.