थकलेल्या बिलाची आठवण: ‘जरा’, ‘जमलं तर’ आणि ‘सॉरी’ कुठे गाळावे

प्रश्न: सातपूरला माझं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे. अंबडच्या एका कंपनीला ४ ऑगस्टला माल पोचला, बिल क्र. २१४, रक्कम ८६,४००, पैसे ४५ दिवसांत द्यायचं ठरलं होतं. आज २२ सप्टेंबर. अकाउंट्सच्या साहेबांना मी असं लिहिलंय: ‘सॉरी सर, परत त्रास देतोय. जरा आपल्या बिलाचं बघता का? जमलं तर या आठवड्यात झालं असतं तर बरं झालं असतं. घाई नाही.’ वाचून मलाच लाचार वाटतं. हे शब्द काढले तर उद्धट वाटेल का?

उत्तर:

उद्धट वाटणार नाही. मात्र कोणते शब्द काढायचे आणि कोणते ठेवायचे, हे नीट पाहावे लागेल. मराठीत समोरच्याचा मान ‘जरा’ किंवा ‘सॉरी’वर टिकून नसतो. तो ‘नमस्कार साहेब’ या सुरुवातीत, ‘कृपया’मध्ये आणि ‘कळवावे’ यासारख्या क्रियापदात असतो. तेवढे शाबूत ठेवले, तर बाकीची माघार निर्धास्तपणे गाळता येते. अनेकजण नेमके उलटे करतात: ‘सॉरी’ काढताना ‘कृपया’ही काढतात, ‘पेमेंट करा’ एवढेच उरते आणि मग निरोप दटावल्यासारखा वाटतो.

आपल्या मजकुरात सर्वांत जास्त नुकसान ‘घाई नाही’ या शेवटच्या दोन शब्दांनी केले आहे. ज्याच्यासमोर वीस पुरवठादारांची बिले पडलेली आहेत, तो घाई नसलेले बिल साहजिकच खाली सरकवणार. दुसरी माघार शब्दांत नाही, तर क्रियापदात दडली आहे. ‘जमलं तर’ काढून टाकले, तरी ‘झालं असतं तर बरं झालं असतं’ राहते, आणि त्यात मागणीच नाही, नुसती हळहळ आहे. म्हणून केवळ शब्द शोधून खोडणे पुरत नाही. वाक्य कोणत्या रूपात संपते तेही पाहावे.

‘बघता का?’ याला ‘हो, बघतो’ हे उत्तर पुरते आणि त्यानंतर काहीच घडत नाही. निरोप पाठवण्यापूर्वी हीच कसोटी लावावी: ‘बघतो’ एवढ्यावर समोरच्याची सुटका होत असेल, तर मजकूर अजून सैल आहे. ज्याला तारीखच सांगावी लागेल, असा प्रश्न हवा.

मी असे लिहिले असते:

‘नमस्कार साहेब. बिल क्र. २१४, माल पोचल्याची तारीख ४ ऑगस्ट, रक्कम ₹८६,४००. ठरलेली ४५ दिवसांची मुदत १८ सप्टेंबरला पूर्ण झाली आहे. रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल, ते कृपया उद्या संध्याकाळपर्यंत कळवावे. बिलाची व पोच-चलनाची प्रत सोबत जोडली आहे. धन्यवाद.’

यात ‘मुदत पूर्ण झाली आहे’ असे म्हटले आहे, ‘तुम्ही मुदत पाळली नाही’ असे नाही. वस्तुस्थिती तीच, पण बोट माणसाकडे न जाता तारखेकडे जाते. ‘पेमेंट अजून का झाले नाही?’ हा प्रश्नही याच कारणासाठी टाळावा. त्यातून सबबी मिळतात, तारीख मिळत नाही.

आपली उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी ठरलेली मुदतही माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि लेखी काही ठरलेले नसेल तर ती १५ दिवसांची असते. हे मनात असू द्यावे, परंतु पहिल्याच आठवणीत कायद्याचे नाव काढू नये. आत्मविश्वास तारीख आणि रक्कम स्पष्ट लिहिण्यातून दिसतो. कलमे लिहिली की ती नोटीस होते, आणि पुढची ऑर्डरही त्याच साहेबांच्या टेबलावरून जाते.

‘कदाचित’ आणि ‘बहुधा’ मात्र सरसकट गाळू नयेत. पुढचा माल खरोखरच ट्रान्सपोर्टवर अवलंबून असेल, तर ‘गुरुवारी पोचेल’ असे ठासून लिहिणे हा खोटा ठामपणा ठरेल आणि शुक्रवारी तो उघडा पडेल. त्याऐवजी ठाऊक आहे ते आणि ठाऊक नाही ते वेगळे करावे: ‘माल बुधवारी दुपारी आमच्याकडून निघेल, पोचण्याची वेळ गाडी निघाल्यावर कळवतो.’

‘सॉरी’चेही तसेच आहे. हक्काचे पैसे मागताना तिची गरज नाही. पण बिलावर आपल्याकडून जीएसटी क्रमांक चुकीचा पडला असेल, तर ती एकदाच आणि दुरुस्तीला जोडून यावी: ‘बिलावरील जीएसटी क्रमांक आमच्याकडून चुकला, क्षमस्व. दुरुस्त बिल सोबत पाठवले आहे.’